वर्तुळात उरलेले ३० अंश

"मॅडम, आठवीला वृत्तालेख शिकवताना मुलांच्याच दिवसाचं सर्वेक्षण घेतलं. कोन काढायची रीत सगळ्यांना येते, तरी निम्म्या वर्गाचं वर्तुळ पूर्ण होत नाही. कोणाची बेरीज ३३०, कोणाची ४०५. एक मुलगा तर कागदच देत नाही. गणित कच्चं आहे की मनात काही आहे?"

नागपुरातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून फिरताना हा प्रश्न मला दर वर्षी निदान तीन-चार बाई विचारतात. दुसऱ्या सत्रात तर हमखास. समुपदेशनात येण्याआधी मी सहा वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे असा प्रश्न आला की मी आधी मुलाला बोलावत नाही, त्याचा कागद मागवते. मूल मनातलं लपवू शकतं, पण आकडेमोडीत लपवणं फार कठीण जातं, असं माझं जुनं मत आहे. सहकारी यावर हसतात. हसू देत.

या बाई कागदांचा गठ्ठाच घेऊन आल्या. वर्गात ४० मुलं. प्रत्येकाने सात रकाने भरायचे होते: झोप, शाळा, शिकवणी, अभ्यास, खेळ, जेवण-आंघोळ, मोबाइल-टीव्ही. दिवसाचे २४ तास म्हणजे ३६० अंश, म्हणून एका तासाला १५ अंश. तासांना १५ ने गुणायचं, की कोन तयार. बाईंनी हे नीट शिकवलं होतं, आणि गुणाकार बहुतेकांचे बरोबर होते.

कागद न देणाऱ्या मुलाचा कागद त्यांनी त्याच्या वहीतून मागून आणला होता. झोप ७, शाळा ६, शिकवणी २, अभ्यास २, खेळ १, जेवण-आंघोळ २, मोबाइल-टीव्ही २. बेरीज २२ तास, म्हणजे कोन ३३० अंश. ३० अंश उरत होते.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मी म्हटलं, २४ ने भागू नको, तुझी एकूण बेरीज २२ आहे तर २२ ने भाग. वर्तुळ बंद होईल."

"झालं?"

"झालं ना. पण तो म्हणाला, मॅडम, मग माझी झोप वाढली. आणि कागद घेऊन गेला."

मी खुर्चीत जरा सरसावून बसले. ७ तास झोपेचा खरा कोन १०५ अंश. २२ ने भागून ३६० ने गुणलं की तोच कोन साधारण ११४.५ होतो. साडेनऊ अंश जास्त. एक अंश म्हणजे ४ मिनिटं, तेव्हा मुलाच्या झोपेत कागदावरच ३८ मिनिटांची भर पडली होती. आठवीतल्या पोराच्या हे लक्षात आलं होतं, आणि गणित कच्चं असल्याची शंकाही त्याच्यावरच होती!

घटक भागिले एकूण, गुणिले ३६० या सूत्रात एक गंमत आहे. आपण आपल्याच बेरजेने भागलं तर वर्तुळ नेहमी बंद होतं, आकडे खरे असोत की खोटे, पूर्ण असोत की अर्धे. पिकलेल्या संत्र्यांच्या ढिगाचा वृत्तालेख काढताना ते चालतं, कारण ढिगात जेवढी फळं तेवढंच एकूण. दिवसाचं तसं नाही. दिवसाचं एकूण आपण मोजायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून बेरीज २४ झाली की नाही हे आधी पाहायचं, कोन त्यानंतर. उरलेली फट भागाकाराने बुजवली की मूल काय सांगत होतं तेही बुजतं.

एरवी ही फट तीन प्रकारची असते, आणि तिच्या मापावरून ती ओळखता येते. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर तो पेन्सिलच्या टोकाचा, किंवा कोनमापकाचं मध्य नीट न बसल्याचा. एखादी पाकळी ३० ऐवजी १५० ची दिसत असेल तर मुलाने कोनमापकाची दुसऱ्या बाजूची पट्टी वाचली आहे, कारण त्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १८० येते. पाकळ्या एकमेकींवर चढल्या असतील तर त्याने प्रत्येक कोन पहिल्याच त्रिज्येपासून मोजला आहे, आधीच्या पाकळीच्या शेवटच्या रेषेपासून नाही. पण बेरजेतला फरक १५, ३०, ४५ असा असेल तर हाताची चूक शोधत बसू नये. तिथे तास हरवले आहेत किंवा दोनदा मोजले आहेत.

४०५ वालीचं तसंच होतं. तिचे तास २७ भरत होते. विचारल्यावर ती सहज म्हणाली, "अभ्यास करताना लहान भावाला खेळवते ना मॅडम, मग ते अभ्यास आणि खेळ दोन्हीकडे लिहिलं." तीन तास दोनदा. तिच्याबाबत मनाचा वगैरे प्रश्नच नव्हता. वर्तुळात एका क्षणाला एकच पाकळी मिळते, एवढं तिला सांगायचं होतं. दोन कामं एकत्र होतात हे दाखवायचं असेल तर वृत्तालेख चुकीचा, साधा स्तंभालेख बरा, कारण स्तंभांच्या उंचीला २४ ची बेरीज गाठायचं बंधन नसतं. तिला ते एका वाक्यात पटलं.

मुलगा मात्र मला दोनदा भेटला आणि दोन्ही वेळा पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला. तिसऱ्या वेळी मी त्याच्यासमोर फक्त त्याचा कागद ठेवला. झोपेच्या रकान्यात खोडरबराचा डाग होता. उजेडात धरल्यावर खाली ९ दिसत होता.

"आधी ९ लिहिलं होतंस?"

"हो."

"९ ठेवलं असतंस तर बेरीज २४ झाली असती. कोन बरोब्बर ३६०."

"पण मी ९ तास झोपत नाही ना मॅडम."

मी थांबले. पंखा फिरत होता. मग तोच म्हणाला, "ते दोन तास कुठं लिहू? रकानाच नाही ना त्याचा."

सकाळी पाच ते सात तो बाबांच्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर असतो. कांदा चिरणं, प्लेटा विसळणं, हिशेब. वर्गातली दोघं-तिघं शिकवणीला जाताना तिथेच पोहे खातात, ते त्याला ओळख दाखवत नाहीत आणि तो त्यांना. कागदावर लिहिलं असतं तर तो कागद भिंतीवर लागला असता, कारण बाईंनी सगळ्यांची वर्तुळं वर्गात लावायचं जाहीर केलं होतं.

मला तो क्षण अजून आठवतो. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या, खोटं लिहायचं किंवा उघडं पडायचं. त्याने तिसरी काढली, गणित चुकीचं राहू दिलं. मनाचं ओझं असं ३० अंशांत मोजून मिळणं माझ्या इतक्या वर्षांत पहिलंच. त्याला मी काही समजावलं नाही. एवढंच विचारलं, "सगळ्यांच्याच कागदावर 'घरचं काम' असा रकाना छापलेला असता तर?"

"मग लिहिलं असतं," तो म्हणाला. लगेच.

म्हणून बाईंना मी गणिताचाच सल्ला दिला. रकाने आपण ठरवून देतो तेव्हा कोणाचा दिवस मोजायचा हेही आपणच ठरवतो. 'घरचं काम' आणि 'इतर' हे दोन रकाने आधीपासून छापा. 'इतर'मध्ये काय, हे विचारू नका. कागदावर नाव नको, अनुक्रमांकही नको, आणि भिंतीवर फक्त वर्गाचं वर्तुळ.

दुसरं, तास लिहायला लावण्याआधी पट्टी रंगवायला द्या. आलेख कागदाच्या दोन पट्ट्या जोडून ३६ सेंटिमीटरची एक पट्टी करायची, चिकटवायला टोकाशी एक सेंटिमीटर जास्त ठेवून. तिची अर्ध्या सेंटिमीटरची ७२ घरं होतात. प्रत्येक घर २० मिनिटांचं. मुलं उठल्यापासून क्रमाने रंगवत जातात, तेव्हा एकही घर रिकामं राहत नाही आणि एका घरात दोन रंग बसत नाहीत. मग एकाच रंगाची घरं मोजून सात-आठ तुकड्यांत दुसरी पट्टी रंगवायची, तिची टोकं जोडून कडं करायचं आणि साधारण ५.७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर बसवायचं. रंग बदलतो तिथून मध्यापर्यंत रेषा ओढली की पाकळ्या तयार. एक घर ५ अंशांचं, हे मुलं स्वतः कोनमापक लावून शोधतात. सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहा. माझ्या मते बोटांना जे कळलं ते डोक्यातून जात नाही, पण यावर वाद घालणारे मला रोज भेटतात.

वर्गाच्या वर्तुळाबद्दल मात्र बाईंना सावध केलं. नव्या कागदांवर चार मुलांनी रोज दोन-दोन तास कामाचे लिहिले. चौघांचे ८ तास ४० मुलांत वाटले की सरासरी १२ मिनिटं, म्हणजे ३ अंश. पेन्सिलच्या रेषेएवढी पाकळी! बाई म्हणाल्या, "मग हे दिसणारच नाही."

"प्रश्न बदला," मी म्हटलं. "वर्गाचा वेळ कुठे जातो, याऐवजी किती मुलं काम करतात ते विचारा. मग पूर्ण वर्तुळ म्हणजे २४ तास नाही, ४० मुलं. एका मुलाला ९ अंश."

त्यांनी वहीच्या मागे हिशेब केला. चार मुलं, ३६ अंश. तीच चार मुलं, एका वर्तुळात ३ अंश आणि दुसऱ्यात ३६. बाई बराच वेळ दोन्ही वर्तुळं शेजारी ठेवून पाहत राहिल्या. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर दोन्ही काढली आणि मुलांना एवढंच विचारलं, यात 'पूर्ण' कोण आहे? अर्धा तास वर्ग भांडत होता म्हणे.

पंधरा दिवसांनी शाळेच्या जिन्यात तो मुलगा भेटला. हातात त्याचं कडं होतं, पाच ते सातची सहा घरं केशरी.

"मॅडम, रविवारी नऊपर्यंत असतो ठेल्यावर. त्याचं वेगळं वर्तुळ काढू का?"

"किती अंश होतील?"

"साठ," जिना उतरता उतरता तो म्हणाला.