डीट्यून्ड कपॅसिटर बँक: मापाची सुरुवात इथून करा

लिफ्ट, पंप, एसी आणि सोबत व्हीएफडी असलेल्या इमारतीत पॉवर फॅक्टर सुधारायच्या कपॅसिटरसोबत ७ टक्के रिअॅक्टर घ्यायचं ठरवलंत, ते योग्यच. ५० हर्ट्झवर त्याची ट्यूनिंग १८९ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे २५० हर्ट्झच्या पाचव्या हार्मोनिकच्या खाली.

आता माप. लोड २०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८० वरून ०.९८ वर न्यायचा, तर दोन्ही पॉवर फॅक्टरच्या कोनांचे टॅन घेऊन २०० × (०.७५ − ०.२०), म्हणजे साधारण ११० केव्हीएआर लागतील. लोड मात्र बिलावरून धरू नका, चालू दिवसाचं लॉगिंग घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवर ४१५ ऐवजी ४४६ व्होल्ट येतात. ४४० चा कपॅसिटर लावलात तर तो लवकर फुगेल. निदान ४८० चा घ्या.
- पण ४८० व्होल्टचा २५ केव्हीएआर कपॅसिटर ४१५ वर रिअॅक्टरसह सुमारे २० च देतो. म्हणून असे पाच आणि साडेबाराचा एक लावा, ११० भरतात.
- जुने, बिनरिअॅक्टरचे स्टेप त्याच बसबारवर ठेवू नका. रेझोनन्स पुन्हा हार्मोनिकवर येऊ शकतो.

तिसऱ्या हार्मोनिकचं नंतर बघू. आधी लॉगिंगचे आकडे इथे टाका.