तक्त्यात मराठी मावत नाही तेव्हा

प्रश्न: आरोग्य अहवालाचं भाषांतर झालंय, पण तक्त्यांच्या रकान्यांत मराठी मावत नाही, पीडीएफची मांडणी मोडते. डिझायनर म्हणतात, टाइप ९ वरून ७ करू. करू द्यावं का?

नको. ७ पॉइंटला जोडाक्षरं गिचमिड होतात. आधी रकान्यांची शीर्षकं एकाखाली एक लिहून काढा आणि कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते बघा.

माझ्याकडे अगदी असाच तक्ता आला होता. शीर्षकं अशी होती: ‘नोंदणी झालेल्या गरोदर महिलांची टक्केवारी’, ‘किमान ४ तपासण्या झालेल्या गरोदर महिलांची टक्केवारी’, ‘लोहाच्या गोळ्या मिळालेल्या गरोदर महिलांची टक्केवारी’. भाषांतर बरोबर होतं, पण ‘गरोदर महिलांची टक्केवारी’ तीनदा. ते उचलून तिन्ही रकान्यांवर एकच आडवं शीर्षक दिलं: ‘गरोदर महिला (टक्के)’. खाली उरलं ‘नोंदणी’, ‘किमान ४ तपासण्या’, ‘लोहाच्या गोळ्या’. टाइप ९च राहिला. जागेसाठी ‘किमान’ मात्र कापू नका, आकड्याचा अर्थच बदलतो.

चौथा रकाना होता ‘दवाखान्यातील प्रसूती’. तोही त्याच शीर्षकाखाली घ्यायचा मोह होतो, पण ती टक्केवारी एकूण प्रसूतींपैकी होती, गरोदर महिलांपैकी नव्हे. त्याला वेगळंच ठेवावं लागलं. म्हणून शब्द वर नेण्यापूर्वी प्रत्येक रकान्यातली टक्केवारी कशापैकी आहे, हे मूळ अहवालात तपासा.

रुंदी सुटली तरी उंचीचा प्रश्न राहतो, आणि तो पटकन दिसत नाही. मराठीत रफार, अनुस्वार वर जातात, उकार खाली. वर्डमध्ये तक्त्याच्या ओळीची उंची `Exactly` असेल तर ते कापले जातात. तिथे `At least` करा. परिच्छेदाच्या `Line spacing` मध्येही `Exactly` नाही ना, तेही बघा. मी एका रकान्यात ‘वर्षांतील मृत्यू’ टाइप करते आणि पीडीएफ ४०० टक्क्यांवर मोठी करून पाहते. ‘र्षां’च्या डोक्यावरचं आणि ‘मृत्यू’च्या पायातलं सगळं शाबूत असेल तर बाकीचंही बहुतेक शाबूत असतं. अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करून जागा काढायला डिझायनरना देऊ नका. वाढवलं की शिरोरेषा तुटते, कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात.

उभ्या स्तंभांच्या आलेखात लांब नावं आपोआप तिरकी होतात आणि मान वाकडी करून वाचावी लागतात. तिथे आडव्या पट्ट्यांचा आलेख घ्या, नावाला डावीकडे हवी तेवढी जागा मिळते. एक्सेलमध्ये असं केलं की क्रम उलटा होतो, पहिला जिल्हा तळाला जातो. अक्षाच्या सेटिंगमध्ये `Categories in reverse order` वर खूण करा, क्रम सरळ होईल.

आणि हे सगळं मूळ वर्ड, एक्सेल किंवा इनडिझाइन फाइलमध्येच करायचं. पीडीएफमध्ये शब्द बदलायला गेलात तर वेलांट्या जागा सोडतात. मूळ फाइल आजच मागून घ्या.