पोस्टरवरची ओळ मराठीत आणताना

आधी शब्दशः अर्थ लिहून काढा, पण तो पोस्टरवर चढवू नका. नवखे नेमके तिथेच थांबतात.

चिलीत 1973 मध्ये गाजलेली स्पॅनिश घोषणा घ्या: ‘एल पुएब्लो उनिदो, हामास सेरा बेन्सिदो’. सरळ अर्थ, ‘एकजूट झालेली जनता कधीही पराभूत होणार नाही’. अर्थ बरोबर आहे, पण मोर्च्यात हे ओरडून बघा, दम लागतो. मुळात उनिदो-बेन्सिदोचं यमक ओळ उचलून धरतं.

मी असं करेन:
जनता ही एकजुटीची
नाही कधीच हरायची

दोन्ही ओळी चौदा मात्रांच्या. टाळी वाजवत मोजा. ‘पराभूत’ गेलं, चालेल. ‘एक झाली तर’ ही अट थोडी पुसट झाली, ते मलाही खटकतं. पण ‘हामास’चा ‘कधीच’ मात्र सोडायचा नाही, सगळा जोर त्यातच आहे.

सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा:
- कुठला शब्द गेला तर ओळ मरते, ते आधी ठरवा.
- मात्रा भरायला ‘हो’, ‘रे’, ‘खरी’ घुसवू नका. ऐकणाऱ्याला ती ठिगळं लगेच कळतात. त्यापेक्षा यमक सोडा.

वृत्तांचं नंतर बघू. आधी ओळ चार जणांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. जिथे ते अडखळतील, तिथे दुरुस्ती करा.