चिठ्ठ्यांचे तीन ढीग

प्रश्न: आमच्या गोदामात सीझनला पंचवीसेक हंगामी माणसं घ्यावी लागतात. ती आली की चुकीचा माल जाण्याचं प्रमाण एकदम वाढतं. शिकवायला वेळ नसतो, आणि शिकवून तयार होईपर्यंत सीझन संपतो. काय करावं?

तीन वर्षांपूर्वी एक गोदाम व्यवस्थापक माझ्याकडे जवळजवळ हेच घेऊन आले होते. एरवी त्यांच्याकडे दर हजार ओळींमागे ३ चुका व्हायच्या, सीझनमध्ये त्या ११ वर गेल्या होत्या. (ओळ म्हणजे ऑर्डरमधला एक माल, मग नग कितीही असोत.) २४ माणसं गर्दीच्या तीन दिवस आधी एकदम कामावर घेतली होती. "हल्लीच्या पोरांचं कामात लक्षच नसतं," हे त्यांचं निदान ते येतानाच ठरवून आले होते.

मी म्हटलं, पॅकिंग टेबलावर पकडलेल्या चुकांच्या चिठ्ठ्या असतील तर घेऊन या. त्यांनी ६० चिठ्ठ्या आणल्या. आम्ही त्या जमिनीवर पसरून तीन ढीग केले: चुकीचा माल, चुकीची संख्या आणि राहून गेलेला माल. पहिल्या ढिगात ३१, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात ७. मग पहिल्या ढिगातल्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन बिनचे, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यांचे, नंबर लिहिले: जिथून उचलायचं होतं तो आणि जिथून उचललं तो. ३१ पैकी १९ वेळा दोन्ही बिन शेजारशेजारचे निघाले. एकाच शाम्पूची दोन वासांची बाटली, एकाच बॅटरीचे दोन आकार, असला माल. जुन्या माणसांना कुठे जपायचं ते पाठ असतं, नव्यांना नसतं. चूक माणसाची दिसत होती, पण ती मांडणीत होती.

संख्येच्या ढिगाचं रहस्य याहून साधं होतं. ऑर्डरमध्ये ६ लिहिलेलं असलं की कुणी ६ सुटे नग टाकायचा, कुणी ६ पाकिटं. पाकिटात नग किती, हे बिनवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

कुणाच्या चुका जास्त, हे विचारल्यावर मात्र व्यवस्थापक गप्प झाले. २४ माणसं ९ लॉगिनवर काम करत होती. नवीन लॉगिन काढायला वेळ नाही म्हणून सुपरवायझरनं स्वतःचाच पासवर्ड वाटून टाकला होता! माझ्या मते हंगामी माणसांच्या बाबतीत ही सगळ्यात महाग काटकसर असते. चूक कुणाची हेच कळत नसेल तर शिकवायचं कुणाला?

पुढच्या सीझनच्या दीड महिना आधी कामाला लागलो. सगळं गोदाम हलवलं नाही. चुका ज्यांत झाल्या होत्या तेवढ्याच १४ जोड्या एकमेकींपासून दूर, वेगळ्या रॅकवर नेल्या. पाकिटाच्या बिनवर मोठ्या अक्षरात "१ पाकीट = ६ नग" असं चिकटवलं. आणि माल बिनमध्ये भरायचं काम फक्त कायमच्या माणसांकडे ठेवलं. हे अनेकांना उलटं वाटतं, कारण अनुभवी माणूस पिकिंगला, म्हणजे ऑर्डरचा माल उचलायला हवा असंच सगळ्यांच्या मनात असतं. पण पिकरची एक चूक एकाच ऑर्डरला लागते. चुकीच्या बिनमध्ये भरलेलं खोकं मात्र रिकामं होईपर्यंत चुका करत राहतं, आणि जिथे फक्त बिन स्कॅन होतो तिथे पिकरला ते कळतही नाही.

माणसं निवडताना मुलाखत अगदी थोडक्यात आटोपली. त्याऐवजी एका कागदावर मालाच्या कोडच्या ३० जोड्या दिल्या आणि एकसारख्या नसतील त्यांवर फुली मारायला सांगितली. ४८०७१६ आणि ४८०१७६, अशा. वेळ मोजला नाही. ज्यांच्या चारपेक्षा जास्त जोड्या चुकल्या त्यांना पिकिंगऐवजी खोकी बांधायला दिलं. घरी कुणालाच पाठवलं नाही, तिथेही हात लागतातच.

आता तुकडीचं गणित. २४ माणसं एकदम घेऊ नका, हे सगळेच सांगतात, पण किती घ्यायची ते सांगत नाहीत. ते तपासणाऱ्यावर ठरतं. त्यांच्याकडे नवा माणूस पहिल्या दिवशी तासाला साधारण ३० ओळी उचलायचा, आणि अनुभवी माणूस तासाला ९० ओळी पुन्हा तपासायचा. म्हणजे एका तपासनिसामागे तीन नवे. मोकळे तपासनीस तीनच होते, म्हणून तुकडी ९ जणांची. पहिल्या १०० ओळी प्रत्येकाच्या, एकही न सोडता तपासायच्या. त्यात शून्य किंवा एक चूक असेल तर पुढे दर दहातली एक ओळ तपासायची. दोन किंवा जास्त असतील तर आणखी ५० पूर्ण, आणि तेही चूक कोणत्या प्रकारची होती ते त्याच्यासोबत बिनपाशी उभं राहून पाहिल्यावर.

इथे एक सावधगिरी. १०० ओळी बिनचूक गेल्या म्हणजे माणूस पक्का झाला असं नाही. शंभरात शून्य चुका आल्या तरी खरं प्रमाण शंभरात ३ पर्यंत असू शकतं, असं संख्याशास्त्र सांगतं. म्हणून दहातली एक ओळ शेवटच्या दिवसापर्यंत तपासली.

दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलाचं काम मी स्वतः बघत होतो. १० डबे हवे होते. त्यानं एक डबा हातात धरून तोच दहा वेळा स्कॅन केला आणि बाकीचे नऊ नजरेनं ट्रॉलीत टाकले. त्यातले दोन दुसऱ्याच चवीचे होते, कुणीतरी परत ठेवताना तिथे सोडलेले. स्कॅनरवर सगळं हिरवं. मी विचारलं, "असं का करतोस रे?" तो म्हणाला, "सर, तो बोर्ड बघा ना, माझं नाव शेवटी आहे." भिंतीवर प्रत्येकाच्या ताशी ओळी लावलेल्या होत्या! त्याच दुपारी बोर्डवरून नव्यांची नावं काढली. पहिले तीन दिवस वेगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं सुपरवायझरांना सांगितलं. "एक नग, एक स्कॅन" हे मात्र पहिल्या तासातच हातात डबा देऊन करून घेतलं. बाकी प्रशिक्षणही असंच: अर्धा तास बोलणं, मग एकाच विभागात, सुट्या नगांच्या ओळींवर, जुन्या माणसासोबत फेऱ्या. सगळं गोदाम दाखवण्याच्या भानगडीत पडलोच नाही.

त्या सीझनमध्ये हजारामागे ५ चुका झाल्या. तीनवर काही आलं नाही, आणि ते येईल असं मी त्यांना कबूलही केलं नव्हतं. त्यातल्या बऱ्याचशा एकाच रात्रीच्या. स्कॅनरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायला कुणीतरी विसरलं आणि अर्धी शिफ्ट कागदी यादीवर चालली. ही शक्यता आम्ही धरलीच नव्हती. आता त्यांच्या कागदी यादीत प्रत्येक ओळीपुढे एक रिकामा चौकोन असतो. प्रत्येक बिनच्या लेबलवर तीन आकडे छापलेले आहेत, यादीत कुठेच नसलेले. माल उचलण्याआधी पिकरनं ते वाचून चौकोनात लिहायचे, आणि पॅकिंग टेबलावरचा माणूस स्वतःजवळच्या तक्त्याशी ते ताडून बघतो.