दुपारच्या उन्हात १/५० शटर ठेवायचं तर कोणता एनडी फिल्टर?

प्रश्न: आमच्या ढोल-ताशा पथकाचे व्हिडिओ दुपारी घेतले की हालचाल तुटक, झटके खाल्ल्यासारखी दिसते. एफ २.८ ला शटर १/३२०० वर जातं. सगळे म्हणतात एनडी फिल्टर घे. पण कितीचा? आणि साधा की व्हेरिएबल? लेन्स २४-७० आहे.

उत्तर:

एफ २.८ सोडायचाच नसेल तर एनडी६४, म्हणजे सहा स्टॉपचा साधा फिल्टर. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. मिरवणूक ऊन-सावलीतून फिरणार असेल तर २ ते ५ स्टॉपचा व्हेरिएबल घ्या आणि ॲपर्चर एफ ४ वर आणा. पथकासाठी मी दुसरा पर्याय निवडेन.

आधी झटके कशामुळे येतात ते बघू. समजा टिपरूचं टोक सेकंदाला पाच मीटर वेगाने खाली येतंय. तुम्ही २५ फ्रेमला शूट करताय, म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत ते टोक २० सेंटिमीटर सरकतं. शटर १/५० असेल तर त्यातले १० सेंटिमीटर चित्रात पुसट पट्ट्यासारखे उमटतात आणि उरलेलं अंतर डोळा स्वतः जोडून घेतो. १/३२०० ला मात्र टोक जेमतेम दीड मिलिमीटर हलतं. म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये टिपरू लख्ख, जागच्या जागी थिजलेलं, आणि पुढच्या फ्रेममध्ये एकदम वीतभर खाली. ताशाच्या काड्या तर याहून जलद चालतात, म्हणून तिथे जास्त खटकतं. थांबवून पाहिलं तर एकेक फ्रेम सुंदर दिसते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हा दोष लक्षात येत नाही. घरी मोठ्या पडद्यावर लावल्यावर कळतो.

म्हणून शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवतात. २५ ला १/५०, ५० ला १/१००. ते एकदा ठरलं की त्याला हात लावायचा नाही. उजेड कमी करायचं काम दुसऱ्या कशानेतरी करायचं.

आता सहा स्टॉप कुठून आले? निरभ्र दुपारच्या उन्हाचा जुना हिशेब आहे: आयएसओ १०० असताना एफ १६ ला शटर १/१००. तुम्हाला १/५० हवंय, म्हणजे एक स्टॉप उजेड वाढला, तो आवरायला एफ २२. तिथून एफ २.८ पर्यंत उघडत या: १६, ११, ८, ५.६, ४, २.८. सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट, म्हणजे एकूण ६४ पट, आणि तेवढाच एनडी६४ अडवतो. तुमचा १/३२०० म्हणजेही १/५० च्या ६४ पट, त्यामुळे कॅमेरा तुम्हाला उत्तर आधीपासूनच दाखवत होता. ही युक्ती कुठेही चालते: फिल्टरशिवाय हवं ते ॲपर्चर आणि आयएसओ लावा, शटर कितीवर जातंय ते पाहा, त्याला ५० ने भागा. येईल तो एनडीचा नंबर.

मग एफ २२ वरच शूट का करू नये, असं तुम्ही विचाराल. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळं चित्र किंचित मऊ पडतं. त्याहून वाईट म्हणजे सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसायला लागते. मागची गर्दी, वायरी, दुकानांच्या पाट्या हे सगळंही वादकाइतकंच स्पष्ट येतं.

खरेदीच्या वेळी घोळ होतो तो नंबरांचा. एनडी६४, एनडी १.८ आणि ६ स्टॉप हे तिन्ही एकच. दशांशातला आकडा असेल तर ०.३ म्हणजे एक स्टॉप एवढं लक्षात ठेवा. व्हेरिएबलवर कुठे '२-५ स्टॉप' लिहिलेलं असतं, कुठे 'एनडी२-४००'. पहिल्यातला २ म्हणजे दोन स्टॉप, दुसऱ्यातला २ म्हणजे एकच स्टॉप. आणि ४०० पर्यंत, म्हणजे साधारण साडेआठ स्टॉप, एकाच रिंगमध्ये देतो म्हणणाऱ्या फिल्टरचं वरचं टोक वापरण्यासारखं नसतं.

याचं कारण त्याच्या रचनेत आहे. व्हेरिएबल म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन पोलरायझर काचा. त्या एकमेकींच्या काटकोनाकडे फिरवत नेल्या की अंधार वाढतो. पण तिरक्या येणाऱ्या किरणांसाठी तो अंधार सगळीकडे सारखा राहत नाही, आणि चित्रावर फुलीसारखी काळी सावली पडते. लेन्स जितकी वाइड तितकी फुली ठळक, त्यामुळे तुमच्याकडे ती २४ ला आधी दिसेल आणि ७० ला कदाचित दिसणारही नाही. तपासायला सोपं आहे: दुकानाबाहेर या, लेन्स २४ वर, कॅमेरा मोकळ्या आकाशाकडे, आणि रिंग सावकाश शेवटपर्यंत फिरवा. कोपरे असमान काळवंडले तर तिथून एक स्टॉप मागे तुमची खरी मर्यादा. २-५ स्टॉपच्या चांगल्या फिल्टरला दोन्ही टोकांना अडकण असते, रिंग त्यापुढे फिरतच नाही. ते असलेलाच घ्या.

आता पथकाची गोष्ट. एफ ४ ला उन्हात पाच स्टॉप लागतात. मिरवणूक उंच इमारतींच्या सावलीत शिरली की उजेड तीन-चार स्टॉप पडतो, तेव्हा रिंग फिरवून दोनवर यायचं आणि उरलेला एखादा स्टॉप आयएसओ २०० करून भरायचा. शटर आणि ॲपर्चर जसेच्या तसे. हेच साध्या एनडी६४ वर, एफ २.८ ला करायचं तर सावलीत आयएसओ ८०० ते १६०० वर न्यावा लागेल. नव्या कॅमेऱ्यांना ते झेपतं, पण चालत्या शॉटमध्ये आयएसओ बदलला की उजेडाची उडी दिसते. रिंग मात्र हळूहळू फिरवता येते.

पोलरायझर असल्याने एक बाजू आणखी सांभाळावी लागते. रिंग फिरवली की अंधाराबरोबर चमकही बदलते: घामाने तकाकणारे चेहरे, ढोलाचं फायबरचं पान, गाड्यांच्या काचा, निळं आकाश. टोलाच्या पितळेची चमक मात्र जशीच्या तशी राहते, कारण धातूवरून परतणारा प्रकाश फारसा पोलराइज होत नाही. कॅमेरा आडवा गोल फिरवलात तर आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाजूचा फिका दिसू शकतो. अशा शॉटला साधा एनडीच बरा.

साध्या एनडीचीही एक खोड आहे आणि ती पथकात पटकन दिसते. स्वस्त काच दिसणारा प्रकाश ६४ पट अडवते, पण अवरक्त किरण बरेचसे सोडते. सेन्सरपुढची गाळणी त्यांना पूर्ण थोपवू शकत नाही, आणि त्यांचं प्रमाण एरवीपेक्षा कितीतरी वाढलेलं असतं. परिणाम असा की काळा सिंथेटिक कपडा, पिशवीचा पट्टा, असल्या गोष्टी तपकिरी-मरून दिसतात आणि शेजारचं काळं सुती कापड काळंच राहतं. व्हाइट बॅलन्सने हे सुटत नाही, कारण बिघाड सगळ्या चित्रात नसून काही कापडांतच असतो. सहा स्टॉप आणि त्यापुढचा साधा एनडी घेताना आयआर कट असलेला मागा. सगळ्या चित्रावर सारखी हिरवट किंवा पिवळट झाक असेल तर ती वेगळी बाब. ती फिल्टर लावल्यानंतर पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स हाताने घेतलात की जाते. ऑटोवर ठेवू नका, भगवे फेटे फ्रेममध्ये आले-गेले की रंग हलत राहतो.

लावताना क्रम असा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर आधी काढा. दोन्ही एकावर एक राहिले तर कोपरे कापले जातात आणि काचांमध्ये उजेड परावर्तित होऊन धुरकट डाग येतात. लेन्सच्या टोपणाच्या आत मिलिमीटरचा आकडा असतो, २४-७० ला बहुधा ७७ किंवा ८२. फिल्टर ८२ चाच घ्या आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग लावा, म्हणजे दर लेन्सला नवा खर्च नाही. रिंग लावल्यावर हूड बसणार नाही हे गृहीत धरा. सूर्य समोरून तिरका असेल तर कुणालातरी हाताने किंवा छत्रीने लेन्सवर सावली धरायला सांगा. मग मॅन्युअल मोड, २५ फ्रेम, १/५०, एफ ४, आयएसओ १००, आणि शेवटी रिंग. झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय, ९५ वर लावून पांढऱ्या कुर्त्यांकडे पाहा आणि कुर्त्यावरचे पट्टे जेमतेम नाहीसे होईपर्यंत रिंग फिरवा. चेहरे किंचित गडद राहिले तरी चालेल. उडालेला कुर्ता मात्र एडिटमध्ये परत येत नाही.

लॉगमध्ये, म्हणजे एडिटमध्ये रंग चढवण्यासाठीच्या फिक्या प्रोफाइलमध्ये, शूट करत असाल तर वरचा हिशेब बदलतो. अनेक कॅमेऱ्यांत लॉगचा बेस आयएसओ ८०० असतो, म्हणजे तीन स्टॉप जास्त. लॉग थोडा उजळ घेण्याची पद्धत आहे, त्यातला एखाद-दीड स्टॉप वजा केला तरी एफ ४ ला साडेसहा-सात स्टॉप लागतील आणि २-५ चा व्हेरिएबल कमी पडेल. तिथे ६ ते ९ स्टॉपचा वेगळा येतो. तो नसेल तर उन्हात साधं प्रोफाइल वापरा.

ॲक्शन कॅमेरा हातात धरून पथकासोबत चालणार असाल तर त्याला इतका जड एनडी लावू नका. त्यातलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन फ्रेम सरळ करतं, पण १/५० ला हाताच्या धक्क्याने आलेला पुसटपणा तसाच राहतो आणि स्थिर चित्र मधूनच थरथरल्यासारखं दिसतं. तिथे १/१०० ते १/२०० ठेवा. गिंबलवर ही अडचण नाही.

आणि ऊन उतरलं की फिल्टर काढायचा विसरू नका. संध्याकाळी आयएसओ १६०० च्या वर चढतोय असं दिसलं की पहिला हात लेन्सकडे जाऊ द्या. फिल्टर अडकून बसला असेल तर कडेला रबरबँड गुंडाळून, बोटं सगळीकडे सारखी टेकवून फिरवा. दोनच बाजूंनी दाबलं की रिंग किंचित लंबगोल होते आणि आणखीच घट्ट बसते.