तमिळमधला ‘डा’: कोणी, कोणाला आणि कधी म्हणावा

प्रश्न : मी पुण्याहून बदलीवर चेन्नईला आलो आहे. शेजारच्या टेबलावरचा माझ्याच वयाचा सहकारी इंग्रजी वाक्यालाही ‘डा’ जोडतो : ‘ओके डा’, ‘कम डा’, ‘सॉरी डा’. हा शब्द आहे तरी काय, आणि तो मला कमी लेखतो आहे का?

‘डा’ला वस्तू किंवा क्रिया दाखवणारा अर्थ नाही. तो वाक्याच्या शेवटी लागतो आणि बोलणारा समोरच्याला कोणत्या नात्याने हाक मारतो आहे, एवढेच सांगतो. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’ आणि ‘वाडा’ म्हणजे ‘ये रे’. ‘एन्न’ म्हणजे ‘काय’ आणि ‘एन्नडा’ म्हणजे ‘काय रे’. ‘सोल्लु’ म्हणजे ‘सांग’ आणि ‘सोल्लुडा’ म्हणजे ‘सांग रे’. परंपरेने तो पुरुषाला उद्देशून येतो, आणि तोही बरोबरीच्या किंवा धाकट्या पुरुषाला. ज्याला ‘नी’ म्हणजे ‘तू’ म्हणायचे, त्यालाच ‘डा’ म्हणता येते.

मराठी माणसाला लगेच ‘रे’ आठवतो आणि दिशा तीच आहे, पण दोहोंची धार सारखी नाही. आपला ‘रे’ सौम्य आहे, इतका की भक्त तो विठ्ठलालाही लावतो. ‘डा’ अधिक सलगीचा आहे, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी पडला तर अधिक लागतो; त्याची जागा ‘रे’ आणि ‘लेका’ यांच्या मधे कुठेतरी समजावी. खुद्द तमिळ लोक अशा बोलण्याला ‘वाडा-पोडा’ म्हणतात (‘पो’ म्हणजे ‘जा’). दोघांत ‘वाडा-पोडा’ची सवय आहे म्हणजे त्यांची घट्ट मैत्री आहे, आणि कोणी आपल्याला ‘वाडा-पोडा’ म्हणून बोलला अशी तक्रार असेल, तर त्याने अपमान केला. आपल्या ‘अरे-तुरे’लाही नेमके हेच दोन चेहरे आहेत.

तुमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत मला अपमानाची शंका वाटत नाही. इंग्रजीतल्या एकाच सर्वनामात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही मावतात, त्यामुळे जवळीक दाखवायची सोय तिथे राहत नाही. ती पोकळी तो ‘डा’ने भरून काढतो आहे. तरीही पडताळा हवा असेल तर एकदा तुम्ही त्याला सहज ‘सरि डा’ (‘बरं रे’) म्हणून पाहा. तो काही न घडल्यासारखा पुढे बोलत राहिला, तर हिशेब बरोबरीचा आहे. स्वतः ‘डा’ म्हणणारा माणूस उलट आलेल्या ‘डा’ने चमकला, तर मात्र तो तुम्हाला पायरीने खालचा धरत होता असे समजायला हरकत नाही. परतफेड चालते की नाही, हीच या शब्दाची सर्वांत भरवशाची कसोटी आहे.

प्रश्न : मी स्त्री आहे, तरी गटातला एक सहकारी मला ‘डा’ म्हणतो. स्त्रियांसाठी ‘डी’ असते असे ऐकले आहे. मग तो चुकतो आहे की थट्टा करतो आहे?

व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे ‘डा’ पुल्लिंगी आणि ‘डी’ स्त्रीलिंगी, हे खरे. व्यवहार मात्र वेगळा आहे. ‘डी’ हा शब्द मैत्रिणी एकमेकींना वापरतात, आई मुलीला वापरते, काही घरांत नवरा बायकोलाही वापरतो. पण नात्यात नसलेल्या पुरुषाने तो कार्यालयात स्त्रीला उद्देशून वापरला, तर तो अधिकार गाजवणारा किंवा नको तितकी जवळीक साधणारा वाटतो. भांडणात पुरुषाच्या तोंडून आलेला ‘डी’ तर उघड शिवीच्या अंगाने जातो.

म्हणूनच शहरांतल्या तरुण मंडळींत मैत्रिणीलाही ‘डा’ म्हणण्याची पद्धत रुळली आहे. लिंग बदलल्यामुळे त्यातला मालकीचा सूर गळून पडतो आणि फक्त आपुलकी उरते. आई-वडीलही लाडक्या मुलीला ‘वाडा’ म्हणून जवळ बोलावतात. आपल्याकडे मुलीला लाडाने ‘ये रे बाळा’ म्हणतात, तसेच हे. तेव्हा तो सहकारी बहुधा जपूनच बोलतो आहे. तुम्हाला ते रुचत नसेल, तर नुसते नाव घ्यायला सांगावे. त्याला त्यात वावगे वाटणार नाही. त्याने ‘डा’वरून ‘डी’वर उडी मारली, तर मात्र तिथल्या तिथे थांबवावे.

प्रश्न : कोइम्बतूरच्या आमच्या कारखान्यात मित्रांचे ऐकून मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला हसत विचारले, ‘एन्नडा, वंडी वंदाच्चा?’ (‘काय रे, गाडी आली का?’) ते पन्नाशीचे असतील. त्यांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, ‘मरियादैया पेसुंगऽ.’ मी तर आपुलकीने बोललो होतो. माझे काय चुकले?

वय, काम आणि गाव या तिन्ही बाजूंनी तो ‘डा’ चुकीच्या जागी पडला.

त्यांच्या उत्तरापासून सुरुवात करू. ‘मरियादै’ हा आपल्या ‘मर्यादा’चाच भाऊ, पण तमिळमध्ये त्याचा अर्थ ‘मान, आदर’ असा होतो. म्हणजे ते म्हणाले, ‘आदराने बोला.’ ‘पेसु’ म्हणजे ‘बोल’ आणि ‘पेसुंगऽ’ म्हणजे ‘बोला’. दुखावलेले असतानाही त्यांनी तुम्हाला आदरार्थी रूपच वापरले, याकडे लक्ष द्यावे. तुम्ही एकेरीवर आलात, ते आले नाहीत.

क्रियापदाच्या शेवटचा हा ‘ंगऽ’ म्हणजे ‘डा’चे दुसरे टोक. ‘वा’चे ‘वांगऽ’ (‘या’), ‘सोल्लु’चे ‘सोल्लुंगऽ’ (‘सांगा’), ‘नी’चे ‘नींगऽ’ (‘तुम्ही’). एकाच माणसाशी बोलताना हा आदर आणि ‘डा’ एकत्र नांदत नाहीत. ‘वांगडा’ असे रूप कानावर येते खरे, पण तिथे ‘ंग’ अनेकवचनाचा असतो. मित्रांच्या टोळक्याला ‘या रे सगळे’ म्हणावे तसे ते आहे, त्यात आदर नाही. शिवाय कोइम्बतूर हा कोंगू प्रदेश, आणि तिथली बोली या ‘ंगऽ’साठीच ओळखली जाते, लहान मुलांनाही तिथे सर्रास आदरार्थी बोलतात. चेन्नईच्या रस्त्यावर जे एखादे वेळी खपून गेले असते, ते तिथे अधिक बोचणार.

पण खरी जखम वयाची किंवा गावाची नाही. तमिळ प्रदेशात जमीनदारांनी आणि वरच्या मानल्या गेलेल्या जातींनी शेतमजुरांना, विशेषतः दलितांना, वय न पाहता ‘डा’ म्हणायचे आणि त्यांनी उलट हात जोडून बोलायचे, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. मालकाच्या पोराने म्हाताऱ्या मजुराला ‘वाडा’ म्हणावे आणि म्हाताऱ्याने ते मुकाट ऐकावे, हे नेहमीचे होते. पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी 1925मध्ये उभ्या केलेल्या चळवळीचे नावच ‘सुयमरियादै’, म्हणजे ‘स्वाभिमान’, असे आहे. त्या पहारेकऱ्याने वापरलेला ‘मरियादै’ हाच शब्द त्या नावात बसला आहे. त्यामुळे तमिळनाडूत फाटकावरचा माणूस, रिक्षावाला, उपाहारगृहातला वाढपी किंवा सफाई कामगार यांना म्हटलेला ‘डा’ कधीच नुसता मैत्रीचा ऐकू येत नाही. त्यांना परत ‘डा’ म्हणता येणार नसते, आणि वर सांगितलेली कसोटी इथेच निकाल देते. महाराष्ट्रात गडीमाणसाला सरसकट ‘अरे’ म्हणण्याची सवय आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ती घेऊन तिकडे जाणाऱ्यांची हीच चूक वारंवार होते.

तुम्ही म्हणायला हवे होते ते असे : ‘अण्णा, वंडी वंदाच्चुंगळा?’ ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. वयाने मोठ्या स्त्रीला ‘अक्का’ म्हणावे. आता पुढच्या भेटीत ‘मन्निच्चिडुंगऽ, अण्णा’ (‘माफ करा, अण्णा’) एवढेच म्हणावे आणि त्यावर लांबलचक खुलासा करू नये. ‘मी प्रेमाने म्हणालो होतो’ हे स्पष्टीकरण तिथे ऐकणाऱ्याला फारसे पटत नाही.

प्रश्न : आमच्या पुण्याच्या कार्यालयात एक बंगाली आणि एक तमिळ सहकारी आहेत. दोघेही नावाला ‘दा’ किंवा ‘डा’ लावतात. शब्द एकच आहे का?

नाही, आणि अर्थ जवळजवळ उलटे आहेत. बंगाली ‘दा’ हा ‘दादा’चा संक्षेप आहे, तो दंत्य आहे आणि थोरल्याला आदराने लावतात. तमिळ ‘डा’ मूर्धन्य आहे आणि थोरल्याला चालत नाही. रोमन लिपीत दोन्ही ‘da’ असेच लिहिले जात असल्याने मोबाइलवरच्या संदेशात घोटाळा होतो. ज्येष्ठ बंगाली साहेबांना लिहिलेला ‘da’ तमिळ सहकाऱ्याने आपल्या अर्थाने वाचला, तर तो दचकणार हे उघड आहे.

प्रश्न : माझा तमिळ मित्र रागावला की ‘पोडा’ म्हणतो आणि हसतानाही ‘पोडा’च म्हणतो. परवापासून त्याने ‘डा’ बंद करून मला ‘सोल्लुंगऽ’ म्हणायला सुरुवात केली आहे. हे चांगले की वाईट?

‘पोडा’चा निवाडा कानाने करावा लागतो. स्वर लांबवून, हसत म्हटलेला ‘पोऽडाऽ’ म्हणजे ‘चल, काहीतरीच काय’. आखूड, तुटक आणि खालच्या पट्टीतला ‘पोडा’ म्हणजे ‘चालता हो’. लेखी संदेशात हा सूर पोचत नाही, म्हणून नवख्याने ‘पोडा’ लिहूच नये. ‘डेय्’चेही असेच : मित्राला लांबून मारलेली ती हाक असते, आणि रस्त्यावर दोन वाहने एकमेकांना घासली की भांडणाची सलामीही तीच असते.

दुसऱ्या गोष्टीची मात्र दखल घ्यावी. नव्या ओळखीत ‘सोल्लुंगऽ’ हा शिष्टाचार आहे. वर्षानुवर्षांच्या ‘वाडा-पोडा’नंतर तोच शब्द आला, तर ते अंतर आहे. मराठी घरात आई चिडली की मुलाला ‘या, बसा, साहेब’ म्हणते, त्या जातीचे हे बोलणे आहे. अर्थात इतर लोक किंवा वरिष्ठ समोर असताना जिवलग मित्रही ‘ंगऽ’ वापरतात, तेव्हा आधी तो तुम्हाला एकट्यात काय म्हणतो ते पाहावे. एकट्यातही ‘ंगऽ’ टिकून असेल तर तुम्ही उलट ‘ंगऽ’ म्हणू नका, कारण मग दोन्ही बाजूंनी दार लागते, ‘एन्नडा, कोबमा?’ (‘काय रे, रागावलास का?’) असे थेट विचारा. तुमच्या नात्यात तो ‘डा’ आधीच मान्य झालेला आहे, त्यामुळे इथे तो वापरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.