घरमालक न सांगता वारंवार घरी येतात, काय करावं?

पुण्यात भाड्याने राहतो. मालक आठवड्यातून दोनदा न कळवता येतात, स्वतःच्या किल्लीने दारही उघडतात. कसं थांबवू?

उत्तर:
आधी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातलं पाहणीचं कलम वाचा. ऑनलाइन नोंदणीच्या नेहमीच्या मसुद्यात मालकाला पाहणीचा हक्क असतो, पण वाजवी पूर्वसूचना देऊन आणि ठरावीक काळाने. भांडण नको, त्याच कलमाचा फोटो लावून व्हॉट्सअ‍ॅप करा:

“काका, घरी बायकामुलं असतात, अचानक येण्याने अवघडल्यासारखं होतं. यायचं असेल तर कृपया एक दिवस आधी कळवा. रविवारी अकरा ते एक सोयीचं पडेल. पाणीगळतीसारखी निकड असेल तर केव्हाही फोन करा.”

तोंडी बोललात तरी हे लेखी पाठवाच. पुढे पुरावा तोच. घरात असताना आतून कडी लावा. कुलूप मात्र परस्पर बदलू नका, करारभंगाचं निमित्त मिळतं.